धागा: वाटाघाटीच्या रेकॉर्डिंगचा सारांश करताना ‘कंपनीने दिलं’ आणि ‘आपण सोडलं’ हे ठरवायचं कसं?

चाकण_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, युनियनच्या कमिटीत नवीन आहे. जुना करार संपून आठ महिने झालेत, वेतनवाढीची बोलणी चालू आहेत. परवाची मीटिंग जवळपास पावणेतीन तास चालली. दोन्ही बाजूंच्या संमतीने आमच्या फोनवर रेकॉर्ड केली आहे. रविवारी जनरल बॉडी आहे, त्याआधी कंपनीने काय देऊ केलं, आपण काय उत्तर दिलं आणि कोण कुठे मागे सरकलं याचं दोन पानी टिपण करायचं काम माझ्याकडे आलंय.

आधीच्या मीटिंगच्या सही झालेल्या इतिवृत्तात स्थिती अशी आहे. युनियन : तीन वर्षांसाठी महिन्याला १६,५०० रुपयांची वाढ. कंपनी : तीन वर्षांसाठी ९,५००, वाटणी वर्षागणिक ५०-२५-२५ टक्के. उत्पादनवाढ कंपनीला १२ टक्के हवी, आमचं म्हणणं आधी पगाराचं ठरू द्या, मग बोलू. मेडिक्लेम आम्हाला आई-वडिलांसह ५ लाखांचा हवा, सध्या ३ लाखांचा आहे.

परवा जे झालं त्यातलं महत्त्वाचं, ऐकून जसंच्या तसं उतरवलेलं :

०:४१ एचआर हेड : “कालावधी चार वर्षं धरला, तर मी आकडा बाराच्या आसपास नेऊ शकतो.”
०:४३ आमचे अध्यक्ष : “चार वर्षांचं आम्ही बोलतच नाही. तीन वर्षांना पंधरा, बोला.”
१:१२ एचआर हेड : “ठीक आहे, तीनवरच बोलू. साडेदहा. पण मला दहा टक्के उत्पादन पाहिजे.”
१:३१ अध्यक्ष : “पंधरा धरून सहा टक्के देऊ. तेही फक्त दोन नव्या लाइनवर.”
२:२० एचआर हेड : “मेडिक्लेम पाच लाख करतो. याला मी कशाशी बांधत नाही.”
२:४० प्लांट हेड : “असंच चालणार असेल तर ते साडेदहाही टेबलावर नाही.”

माझा कच्चा मसुदा : “कंपनीने चार वर्षांसाठी १२,००० ची ऑफर दिली, युनियनने ती नाकारली. कंपनीने चार वर्षांची अट सोडली. कंपनी १०,५०० वर आली. युनियनने ६ टक्के उत्पादनवाढ मान्य केली. कंपनीने मेडिक्लेमची मागणी मान्य केली.”

सरचिटणीस म्हणतात ठीक आहे. मला कुठेतरी चुकल्यासारखं वाटतंय. अनुभवी लोकांनी सांगा.

---

कोर्टाचीपायरी

भाऊ, आधी एक लक्षात घ्या, नुसत्या रेकॉर्डिंगला कोर्टात किंमत नसते. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३. त्यातलं प्रमाणपत्र जोडलं नाही तर तुमच्या ऑडिओ फाइलची कॉपी पुरावा म्हणून उभी राहणं अवघड. फोन कोणाचा, फाइल कुठे कॉपी केली, सगळं लिहून ठेवा.

---

चाकण_सेकंडशिफ्ट

धन्यवाद वकीलसाहेब, मूळ फाइल जपून ठेवतो. पण कोर्टात जायचं नाहीये, सभासदांना नीट समजावून सांगायचंय.

---

जुना_चिटणीस

पिंपरीत बरीच वर्षं कराराच्या टेबलावर बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मसुद्यात सगळ्यात मोठी गडबड आहे ती “कंपनीने चार वर्षांची अट सोडली” या वाक्यात. सही झालेल्या इतिवृत्तात कंपनी तीन वर्षांवरच होती ना? चार वर्षं हे परवाच ०:४१ ला पहिल्यांदा निघालं आणि अर्ध्या तासात बाजूला पडलं. म्हणजे कंपनी स्वतःच्या जुन्या जागेवर परत आली, तिने काहीच सोडलं नाही. एखादा मुद्दा मीटिंगमध्ये आणायचा, मग तो मोठ्या मनाने काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं की बघा, आम्ही किती मागे आलो, ही पद्धत फार जुनी आहे. तुमच्या टिपणात ते “सोडलं” म्हणून गेलं, तर पुढच्या मीटिंगला त्याच्या बदल्यात काहीतरी मागितलं जाईल. सवलत मोजायची ती त्या बाजूच्या शेवटच्या सही झालेल्या भूमिकेपासून, मीटिंगमध्ये मध्येच काय बोललं गेलं त्यापासून नाही.

त्याच मापाने आता आपल्या अध्यक्षांचं ०:४३ चं वाक्य बघा. “तीन वर्षांना पंधरा.” १६,५०० वरून १५,०००. दीड हजार खाली आले, आणि तेही कुठलीही अट न घालता, चार वर्षांचा राग काढण्याच्या भरात. तुमच्या मसुद्यात हे कुठेच नाही! परवाच्या मीटिंगमध्ये विनाअट दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, आणि ती आपल्या बाजूने दिली गेली.

दुसरं, “१२,००० ची ऑफर”. त्यांचं वाक्य परत वाचा : “धरला तर”, “आसपास”, “नेऊ शकतो”. याला ऑफर म्हणत नाहीत, हा खडा टाकून बघण्याचा प्रकार आहे. ऑफर कशाला म्हणायचं याची माझी कसोटी साधी आहे : समोरच्याने त्याच क्षणी “मान्य” म्हटलं असतं, तर कागदावर लिहिता येईल असं काही ठरलं असतं का? बाराच्या बाबतीत नसतं ठरलं. आकडा नक्की नाही, वाटणी सांगितलेली नाही, उत्पादनाचं काय ते माहीत नाही. १:१२ ला मात्र आकडा आहे, कालावधी आहे, अट आहे. ती ऑफर.

टिपणात या चाचपणीची नोंद ठेवा, पण वेगळ्या नावाने. गाळू नका, कारण कंपनीच्या मनात काय आहे ते त्यातून कळतं.

---

हिशेबी_निगडी

पण बारा ही तर सरळसरळ पिछेहाट होती की! १२,००० भागिले ४ म्हणजे वर्षाला ३,०००. ९,५०० भागिले ३ म्हणजे ३,१६७ च्या आसपास. वाढवल्यासारखं दाखवून कमीच देत होते. हे टिपणात ठळक लिहा.

---

जुना_चिटणीस

दिशा बरोबर आहे, पण तसं ठामपणे लिहिता येणार नाही. वाटणी माहीत असल्याशिवाय हातात काय पडतं ते कळत नाही. कंपनीचे ९,५०० हे ५०-२५-२५ ने घेतले, तर महिन्याला पहिल्या वर्षी ४,७५०, दुसऱ्या वर्षी ७,१२५ आणि तिसऱ्या वर्षी ९,५०० वाढ. तीन वर्षांत एका कामगाराला मिळून २,५६,५००. बारा हजार चार वर्षांत सारखे वाटले तर पहिल्या तीन वर्षांत २,१६,००० मिळतात, म्हणजे बरेच कमी. पण तेच ४०-२०-२०-२० ने दिले तर २,५९,२०० होतात, म्हणजे किंचित जास्तच. शिवाय चार वर्षांत पुढचा करार एक वर्ष लांबतो, त्याची किंमत वेगळी.

म्हणून सारांशात एवढंच लिहायचं : “वाटणी सांगितली नाही, त्यामुळे तुलना शक्य नाही.” तुम्ही केलेला भागाकार योग्य आहे, पण तो अध्यक्षांसाठी वेगळ्या कागदावर करा. सारांशात आपलं मत मिसळलं की मग कोणीच त्यावर भरवसा ठेवत नाही.

---

भोसरीचा_फिटर

माझ्याकडे याच विषयावरचा ताजा घाव आहे, म्हणून बोलतो. आमच्याकडे मागच्या करारात “८ टक्के उत्पादनवाढ मान्य” एवढंच लिहिलं गेलं. कशावर ८ टक्के ते नाही. जुन्या कराराचं प्रमाण शिफ्टला ४०० नग होतं, प्रत्यक्षात आम्ही ४३० काढत होतो. आम्हाला वाटलं ४०० वर ८ टक्के, म्हणजे ४३२, दोनच नग वाढले. कंपनीने ४३० वर धरलं, म्हणजे ४६४. चौतीस नग! पहिल्याच महिन्यात लाइनवर भांडणं सुरू झाली. आणि गंमत नाही सांगत, त्या मीटिंगमध्ये आमचा माणूस स्पष्ट म्हणाला होता की “चारशेवर”. इतिवृत्त लिहिणाऱ्याने तेवढेच दोन शब्द गाळले.

तुमच्या मसुद्यात “युनियनने ६ टक्के मान्य केले” असं आहे, तिथे “फक्त दोन नव्या लाइनवर” हे कुठे गेलं? त्या दोन लाइनवर कारखान्याचं किती उत्पादन निघतं?

---

चाकण_सेकंडशिफ्ट

साधारण ४० टक्के.

---

भोसरीचा_फिटर

मग झालं तर. ४० टक्क्यांवरचे ६ टक्के म्हणजे अख्ख्या कारखान्याच्या हिशेबाने २.४ टक्के. कंपनीचे १० आणि तुमचे ६ शेजारी-शेजारी लिहिले की वाचणाऱ्याला वाटतं आता आठवर तोडगा निघेल. खरं अंतर १० आणि २.४ मधलं आहे. अर्थात कंपनीचे १० टक्के सगळ्या लाइनवर आहेत असं धरलं तर. ते तरी बोलले का तसं?

---

चाकण_सेकंडशिफ्ट

परत ऐकलं. नाही बोलले. फक्त “दहा टक्के उत्पादन पाहिजे”. कशावर, कुठल्या लाइनवर, काही नाही.

---

मृणाल_रांजणगाव

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूची, एचआरमध्ये आहे. रांजणगावला दोन करारांची इतिवृत्तं लिहिली आहेत. जुन्या चिटणीसांशी बहुतेक सहमत आहे, एक भर घालते.

१:१२ आणि १:३१ ही दोन्ही वाक्यं तोडून लिहू नका. “साडेदहा, पण दहा टक्के” हे एक गाठोडं आहे. तुम्ही त्याचे दोन तुकडे करून “पगार : १०,५००” आणि “उत्पादन : १० टक्के” अशा दोन ओळी केल्या की वाचणाऱ्याला वाटतं १०,५०० तर मिळालेच, आता फक्त उत्पादनाचं भांडण उरलं. तसं नाहीये. दहा टक्के नाकारले तर कंपनी ९,५०० वर परत जाऊ शकते आणि त्याला कोणी शब्द फिरवला म्हणू शकत नाही. तुमच्या अध्यक्षांचं “पंधरा धरून सहा” हेही तसंच. उद्या आम्ही पगार अकरा हजारांवर ठेवून “पण सहा टक्के तर तुम्ही मान्य केलेत” म्हणालो, तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे, आणि ते उत्तर “धरून” या शब्दात आहे. अट आणि आकडा एकाच ओळीत ठेवा.

मेडिक्लेमबद्दल मात्र “कशाशी बांधत नाही” हे शब्द तुमच्याकडे रेकॉर्डवर आहेत. असं टेबलावर क्वचित ऐकायला मिळतं. हीच परवाची कंपनीची खरी विनाअट सवलत. जशीच्या तशी वेळेसकट लिहा.

---

जुना_चिटणीस

मृणालताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फक्त मेडिक्लेममध्येही “मागणी मान्य केली” लिहू नका. मागणी आई-वडिलांसह पाच लाखांची होती. रकमेचं झालं, आई-वडिलांचं कोणी नाव काढलं का?

---

चाकण_सेकंडशिफ्ट

नाही काढलं. ना त्यांनी, ना आम्ही. अध्यक्ष “चांगलं आहे” म्हणाले आणि विषय पुढे गेला.

---

जुना_चिटणीस

मग आई-वडिलांचा मुद्दा प्रलंबित. बोललं गेलं नाही म्हणजे सोडलं असं होत नाही. मागणीपत्रातला प्रत्येक मुद्दा समोर ठेवा आणि परवा त्यावर एक शब्दही झाला नसेल तर “चर्चा झाली नाही, भूमिका कायम” अशी ओळ टाका. कंटाळवाणं काम आहे, पण मागण्या सगळ्यात जास्त इथेच हरवतात. टिपणात मुद्दाच नाही, पुढच्या टिपणात नाही, आणि चौथ्या मीटिंगला समोरचे म्हणतात की तो तर तुम्ही मागेच सोडलात.

आणि हो, “चांगलं आहे” म्हणजे “मान्य” नव्हे. तसंच “नोंद घेतो”, “बघू”, “वर बोलतो”, “तत्त्वतः हरकत नाही”. या शब्दांचं भाषांतर करू नका, अवतरणात तेच शब्द लिहा.

---

हिशेबी_निगडी

रेकॉर्डिंग ऐकताना अजून एक तपासा. “साडेदहा” आणि “दहा” हे आकडे पगाराचेही आहेत आणि टक्क्यांचेही. पुढे कुठे कोणी नुसतं “साडेदहा करा” म्हणालं असेल तर ते १०,५०० रुपये की साडेदहा टक्के?

---

चाकण_सेकंडशिफ्ट

हे भारी सांगितलंत. १:५० ला आमचा एक कमिटी मेंबर “साडेदहा जमणार नाही” म्हणतो. मी ते पगाराला धरलं होतं. मागचं-पुढचं ऐकलं तर त्याआधी दोन मिनिटं सायकल टाइमचं चाललंय. त्यालाच विचारतो.

आता दोन शंका. पहिली, २:०५ ला पंधरा मिनिटांचा ब्रेक झाला. कंपनीवाले बाहेर गेले, फोन टेबलावर चालूच राहिला. आम्ही आपसात काय बोललो, कुठल्या आकड्यापर्यंत यायचं, तेही रेकॉर्ड झालंय. ते टिपणात घ्यायचं का? सभासदांना ते जाणून घ्यायचा हक्क आहे असं एकाचं म्हणणं आहे.

दुसरी, प्लांट हेडचं २:४० चं वाक्य. साडेदहाची ऑफर मागे घेतली असं लिहायचं का?

---

मृणाल_रांजणगाव

पहिल्याचं उत्तर : अजिबात नाही. एचआरमध्ये असूनही सांगते. आपसातली चर्चा हा वाटाघाटीचा भाग नाही, समोरच्यासमोर ठेवला तोच प्रस्ताव. आणि कृपया ती फाइल अख्खी कोणाला पाठवू नका. संमतीने रेकॉर्ड केलंय म्हणजे कंपनी प्रत मागू शकते. द्यायची वेळ आली तर ब्रेकचा भाग सोडून दोन तुकडे द्या, आणि मधला भाग अंतर्गत चर्चेचा आहे म्हणून काढला असं लेखी कळवा. गुपचूप कापाल तर अख्ख्या रेकॉर्डिंगवर संशय येईल.

दुसऱ्याचं : माझ्या मते ऑफर मागे घेतली. प्लांट हेड सहसा एचआर हेडच्या वर असतो, तो म्हणाला टेबलावर नाही म्हणजे नाही.

---

जुना_चिटणीस

ब्रेकबद्दल ताईंशी सहमत. मूळ फाइल मात्र अखंड ठेवा, वकीलसाहेबांनी सांगितलंय त्यासाठी.

दुसऱ्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. “असंच चालणार असेल तर” म्हणजे तंबी. मागे घेणं म्हणजे “आम्ही ऑफर मागे घेतो”. त्यानंतर मीटिंग कशी संपली?

---

चाकण_सेकंडशिफ्ट

एचआर हेड म्हणाले “पुढच्या वेळी शांतपणे बोलू”, आणि पुढची तारीख ठरली.

---

मृणाल_रांजणगाव

त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. मी पुढच्या मीटिंगला कंपनीच्या बाजूने बसले असते तर ९,५०० पासूनच सुरुवात केली असती.

---

जुना_चिटणीस

म्हणूनच सारांशात निकाल देऊ नका. वाक्य जसंच्या तसं, खाली “ऑफर कायम आहे की नाही हे स्पष्ट नाही”. आणि पुढच्या मीटिंगआधी सरचिटणीसांना पत्र पाठवायला सांगा : तुमची १०,५०० आणि १० टक्क्यांची ऑफर कायम आहे असं आम्ही समजतो, तसं नसल्यास कळवावे. त्यांचं उत्तर आलं तरी फायदा, नाही आलं तरी फायदा.

---

चाकण_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचं ऐकून पगार-उत्पादनाचा भाग पुन्हा लिहिला. बघा :

“सुरुवातीची स्थिती (सही झालेलं इतिवृत्त) : युनियन १६,५००, कंपनी ९,५००, दोन्ही तीन वर्षांसाठी. उत्पादनवाढ : कंपनी १२ टक्के, युनियन पगारानंतर चर्चा.

०:४१ कंपनी, चाचपणी : चार वर्षं धरल्यास ‘बाराच्या आसपास’. वाटणी सांगितली नाही. १:१२ ला कंपनी स्वतःच्या आधीच्या तीन वर्षांवर परत.
०:४३ युनियन, प्रस्ताव : तीन वर्षांसाठी १५,०००. आधीपेक्षा १,५०० खाली, अट नाही.
१:१२ कंपनी, प्रस्ताव : १०,५००, उत्पादनवाढ १० टक्के असल्यास. आधीपेक्षा १,००० वर आणि २ टक्के खाली, दोन्ही एकमेकांना बांधलेले. टक्के कशावर आणि कुठल्या लाइनवर ते सांगितलं नाही.
१:३१ युनियन, प्रतिप्रस्ताव : १५,००० धरून ६ टक्के, फक्त दोन नव्या लाइनवर. उत्पादनावर पगाराआधी चर्चा नाही ही भूमिका बदलली.
२:४० कंपनी : ‘असंच चालणार असेल तर ते साडेदहाही टेबलावर नाही.’ ऑफर कायम आहे की नाही हे स्पष्ट नाही.”

---

भोसरीचा_फिटर

आता वाचून कळतंय काय झालं ते. युनियनच्या ६ टक्क्यांपुढेही “कशावर ते सांगितलं नाही” टाका. अध्यक्षांनी तरी कुठे सांगितलंय?

---

जुना_चिटणीस

बरोबर. आपल्या बाजूची ढिलाईही तेवढ्याच स्पष्टपणे लिहायची. “भूमिका बदलली” हे ओळखलंत ते विशेष आवडलं, ते आकड्यात दिसत नाही म्हणून बहुतेक जण विसरतात.

---

चाकण_सेकंडशिफ्ट

टाकलं. पण सरचिटणीसांना ०:४३ ची ओळ खटकतेय. म्हणतात “अट नाही” हे काढ, सभेत अध्यक्षांना लोक धरतील, आणि टिपण दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपवरून कंपनीकडे पोचेल ते वेगळंच.

---

मृणाल_रांजणगाव

कंपनीला ते आधीच माहीत आहे, ते समोरच बसले होते.

---

हिशेबी_निगडी

मला सरचिटणीसांचं पटतं. बोलणी चालू असताना आपल्या अध्यक्षांना सभेत खाली पाडायचं नसतं. लेखी १५,००० लिहा, “अट नाही” तोंडी सांगा.

---

जुना_चिटणीस

मला नाही पटत. सभासद १६,५०० च्या मागणीवर मत देऊन गेलेत, आकडा खाली आला तर कशाच्या बदल्यात आला हे ते विचारणारच. उलट अध्यक्षांशीच आधी बोला. कदाचित ते सांगतील की पंधरा हे कालावधी तीनच राहील या अटीवर होतं. तसं असेल तर पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीला त्यांनी ते बोलून इतिवृत्तात घालावं. पण परवाच्या टिपणात घालू नका, परवा ते बोललेले नाहीत.

---

चाकण_सेकंडशिफ्ट

अध्यक्ष आज फर्स्ट शिफ्टला आहेत. साडेतीनला गेटवर गाठतो, मग कळवतो.